राइज टाइम मोजण्याआधी प्रोबचं कॉम्पेन्सेशन आणि बँडविड्थची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकच संच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: १०० मेगाहर्ट्झचा चार चॅनेलचा डिजिटल स्कोप, त्याच्याबरोबर १५० मेगाहर्ट्झचा १०एक्स पॅसिव्ह प्रोब, आणि मोजायची आहे ३.३ व्होल्ट लॉजिकची काही नॅनोसेकंदांची एज. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बहुधा असंच काहीतरी असतं. तुमचा स्कोप याहून वेगवान असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

### १ किलोहर्ट्झवर प्रोब कॉम्पेन्सेट केला की झालं ना? बँडविड्थ वेगळी कशाला तपासायची?

दोन्हींचा काळाच्या मोजपट्टीवर एकमेकांशी संबंध नाही म्हणून.

१०एक्स प्रोबच्या टोकाशी ९ मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि त्याला समांतर एक छोटा कपॅसिटर. स्कोपच्या बाजूला १ मेगाओहम, आणि त्याला समांतर केबलचा, स्कोपच्या इनपुटचा आणि ट्रिमरचा मिळून कपॅसिटन्स. समजा टोकाशी ११ पिकोफॅरड आहेत. मग स्कोपच्या बाजूला बरोबर ९९ पिकोफॅरड हवेत, कारण तेव्हाच दोन्ही बाजूंचा आरसी गुणाकार सारखा होतो:

```
9 MΩ × 11 pF = 1 MΩ × 99 pF = 99 µs
```

हा गुणाकार जुळला की हळू सिग्नल रेझिस्टरांमधून आणि जलद सिग्नल कपॅसिटरांमधून, दोघंही दहाने भागूनच येतात. जुळला नाही तर जलद भाग एका प्रमाणात येतो आणि मग साधारण १०० मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने हळूहळू खऱ्या पातळीकडे सरकतो. १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हचा अर्धा आवर्तनकाळ ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे पाच टाइम कॉन्स्टंट. ते सरकणं पूर्ण दिसावं म्हणूनच ही फ्रिक्वेन्सी सोयीची आहे.

पण नॅनोसेकंदांत काय घडतंय याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. १ किलोहर्ट्झवर काटकोनी कोपरे दाखवणारा प्रोब ४० मेगाहर्ट्झलाच ढेपाळत असू शकतो आणि स्क्रीनवर ते अजिबात कळणार नाही.

### कॉम्पेन्सेशन नेमकं कसं करायचं?

स्कोप किमान अर्धा तास चालू ठेवा. प्रोबवरचा स्विच १०एक्सवर आहे याची खात्री करा आणि चॅनेलच्या मेनूतही १०एक्स निवडा. प्रोब ज्या चॅनेलवर मोजमापासाठी वापरणार आहात त्याच चॅनेलला जोडा. इनपुटचा कपॅसिटन्स चॅनेलागणिक एखाद-दुसऱ्या पिकोफॅरडने वेगळा असू शकतो. त्यामुळे चॅनेल एकवर जुळवलेला प्रोब चॅनेल तीनवर तसाच्या तसा जुळेल असं गृहीत धरू नका. प्रोबांना रंगीत कडी येते ती यासाठीच, ती लावा.

आता टोक स्कोपच्या कॅलिब्रेशन आउटपुटला लावा, टाइमबेस २०० मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन ठेवा, कपलिंग डीसी. तरंग स्क्रीनवर पाच-सहा डिव्हिजन उंच दिसेल असं व्होल्ट प्रति डिव्हिजन निवडा. कोपऱ्यावरचा फरक लहान असतो, तो बघायला मोठं चित्र लागतं. शक्य असेल तर ॲव्हरेजिंग १६ वर ठेवा म्हणजे नॉइज निघून माथा स्वच्छ दिसतो.

ट्रिमर प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनेच फिरवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावून जुळवलं की तो काढताक्षणी कपॅसिटन्स बदलतो आणि कोपरा पुन्हा बिघडतो. दर पाव फेऱ्यानंतर हात बाजूला घेऊन तरंग बघा. माथा डावीकडून उजवीकडे सपाट दिसला की व्हर्टिकल स्केल आणखी मोठं करून फक्त माथा बघा आणि शेवटचा बारीक फरक काढा. ढोबळ चित्रात सपाट वाटणाऱ्या माथ्यात दोन-तीन टक्के उतार सहज लपतो.

### कॉम्पेन्सेशन थोडं चुकलं तर राइज टाइमवर खरंच परिणाम होतो का? तो दोष तर १०० मायक्रोसेकंदांचा आहे.

होतो, आणि कसा होतो हे स्कोप १०० टक्के पातळी कुठे धरतो यावर ठरतं. बरेच गोंधळ इथेच होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण बघू.

समजा ट्रिमर जरा जास्त आत गेला आणि स्कोपच्या बाजूला ९९ ऐवजी ११४ पिकोफॅरड झाले. आता जलद एज पोहोचेल ती खऱ्या पातळीच्या ८८ टक्क्यांपर्यंत, कारण ११ भागिले १२५ म्हणजे ०.०८८. उरलेले १२ टक्के साधारण ११२ मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने भरत जातील.

सिग्नल संथ आवर्तनाचा असेल, समजा ५०० हर्ट्झचा, आणि पूर्ण माथा स्क्रीनवर असेल, तर स्कोप १०० टक्के पातळी शेवटच्या सपाट भागावर धरतो. राइज टाइम म्हणजे १० ते ९० टक्क्यांपर्यंतचा वेळ, आणि इथे ९० टक्क्यांची रेषा ८८ च्या वर पडते, म्हणजे एजच्या बाहेर, त्या हळू सरकणाऱ्या भागात. ८८ वरून ९० पर्यंत जायला सुमारे २० मायक्रोसेकंद लागतात. सिग्नलची एज ४.५ नॅनोसेकंदांची असली तरी नव्वदची रेषा मायक्रोसेकंदांतच ओलांडली जाते. राइज टाइमचा आकडा अचानक हजारपटीने उडाला तर आधी सर्किटवर संशय न घेता ट्रिमर बघा.

त्याच सिग्नलवर टाइमबेस ५ नॅनोसेकंद प्रति डिव्हिजन केला तर चित्र उलटं होतं. खिडकीत फक्त ८८ टक्क्यांचा माथा दिसतो, स्कोप त्यालाच १०० धरतो आणि राइज टाइम बरोबर येतो. मात्र उंची १२ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे व्होल्ट प्रति नॅनोसेकंद काढलेला स्लू रेट तेवढाच चुकतो.

उलट दिशेला, म्हणजे ओव्हरकॉम्पेन्सेशन असताना, चूक शांतपणे होते. स्कोपच्या बाजूला ८९ पिकोफॅरडच राहिले तर एज १०० ऐवजी ११० टक्क्यांपर्यंत उसळते. पूर्ण माथा स्क्रीनवर असताना ९० ची रेषा एजच्या साधारण ८२ टक्क्यांवर पडते. आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि कमी आलेला राइज टाइम सगळ्यांनाच आवडतो, त्यामुळे तो पुन्हा तपासला जात नाही.

### ट्रिमर टोकापर्यंत फिरवूनही कोपरा सपाट होत नाही. काय बिघडलं?

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, प्रोब त्या स्कोपचा नसतो. प्रोबवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात कॉम्पेन्सेशनची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ १० ते ३५ पिकोफॅरड. स्कोपच्या इनपुटशेजारी त्याचा कपॅसिटन्स छापलेला असतो. तो त्या मर्यादेत बसला पाहिजे.

तो बसत असेल तर इनपुट ५० ओहमवर तर नाही ना, ते बघा. ९ मेगाओहमसमोर ५० ओहम आले की माथा नाहीसाच होतो, फक्त एजच्या जागी बारीक सुया दिसतात. आणि प्रोब १एक्सवर असेल तर ट्रिमर फिरवून काहीच होणार नाही, कारण त्या स्थितीत दुभाजकच नसतो. १एक्सवर साध्या प्रोबची बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झच असते, म्हणजे राइज टाइम ३५ नॅनोसेकंदांच्या पुढेच. हा स्विच बोटाच्या धक्क्याने सरकतो, मोजमापाआधी दरवेळी बघावा असा तो आहे.

### स्कोपच्याच कॅलिब्रेशन आउटपुटची एज मोजून बँडविड्थ कळत नाही का?

नाही. ते आउटपुट माथा सपाट ठेवण्यासाठी बनवलेलं असतं, जलद एज देण्यासाठी नव्हे. त्याची एज स्कोपपेक्षा कितीतरी हळू असेल तर तुम्ही मोजलेला आकडा त्या आउटपुटचा असतो. तपासणीसाठी एज संचाच्या राइज टाइमच्या एक तृतीयांशापेक्षा जलद हवी, एक पंचमांश असेल तर उत्तम. १०० मेगाहर्ट्झसाठी संचाचा राइज टाइम साडेतीन-चार नॅनोसेकंद, म्हणजे एज १ नॅनोसेकंदाच्या आसपास हवी.

### एवढी जलद एज आणायची कुठून?

सगळ्यात स्वस्त मार्ग 74AC14 चा. एका आयसीत सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर असतात. एका इन्व्हर्टरच्या आउटपुटवरून इनपुटला १० किलोओहम आणि इनपुटवरून ग्राउंडला १०० पिकोफॅरड लावले की ५ व्होल्टवर साधारण १ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर तयार होतो. त्याचं आउटपुट उरलेल्या पाच इन्व्हर्टरना द्या, आणि त्या पाचांची आउटपुटं प्रत्येकी २२० ओहममधून एकत्र करून बीएनसी कनेक्टरला जोडा. पाच समांतर २२० म्हणजे ४४ ओहम, आणि इन्व्हर्टरांचा स्वतःचा रोध मिळवला की ५० च्या जवळ येतात. ५० ओहम लोडवर सुमारे अडीच व्होल्टची एज मिळते.

इथे जोडणीच एज ठरवते. आयसी एसएमडी घ्या, खाली सलग तांब्याचा ग्राउंड ठेवा, आणि १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पुरवठ्याच्या पिनला अगदी चिकटून लावा. ब्रेडबोर्डवर हेच सर्किट जोडलं तर एजपेक्षा तिच्यावरची थरथर जास्त दिसेल. तयार झालेल्या पल्सरची एज एकदा तरी ५०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान स्कोपवर, ५० ओहम इनपुटला, मोजून त्या डबीवर लिहून ठेवा. पुढची सगळी वजाबाकी त्या आकड्यावर उभी आहे.

वेगवान स्कोपांसाठी ॲव्हलान्च ट्रान्झिस्टरचा पल्सर लागतो. जिम विल्यम्स यांनी लिनिअर टेक्नॉलॉजीच्या १९९१ च्या ॲप्लिकेशन नोट ४७ मध्ये दिलेला, 2N2369 वापरणारा सुमारे ३५० पिकोसेकंदांचा पल्सर अजूनही बनवला जातो. त्याला ९० व्होल्टच्या आसपास पुरवठा लागतो, त्यामुळे पल्सचा आकार स्कोपच्या इनपुटला झेपेल ना हे बघून आणि ॲटेन्युएटर लावूनच तो जोडा.

### केबल आणि टर्मिनेटर कोणते घ्यायचे?

५० ओहमची केबल आणि ५० ओहमचा फीडथ्रू टर्मिनेटर. टर्मिनेटर स्कोपच्या टोकाला लावायचा, पल्सरच्या नव्हे.

लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत बीएनसीची तयार केबल मागितली तर सीसीटीव्हीची ७५ ओहमची केबल हातात येण्याची शक्यता बरीच असते. दिसायला ती तशीच, कनेक्टरही बसतो. केबलच्या अंगावर आरजी-५८ असेल तर ती ५० ओहमची, आरजी-५९ असेल तर ७५ ची. ५० आणि ७५ च्या जोडावर २० टक्के सिग्नल परावर्तित होतो. १ मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण १० नॅनोसेकंद लागतात, म्हणून एज संपल्यावर दहाएक नॅनोसेकंदांनी माथ्यावर एक पायरी दिसते. पायरी दिसली आणि केबल लांब केल्यावर ती मागे सरकली, तर दोष केबलचा किंवा टर्मिनेशनचा आहे, स्कोपचा नाही.

### तपासणीचा क्रम काय ठेवायचा?

आधी स्कोप एकटा, मग प्रोबसकट. उलट केलं तर कमतरता कुणाची ते कळत नाही.

पल्सर केबल आणि टर्मिनेटरमधून थेट स्कोपला जोडा. मेनूत `BW Limit` बंद आहे हे बघा. २० मेगाहर्ट्झची ती मर्यादा चालू राहिली तर राइज टाइम १७ नॅनोसेकंदांच्या खाली येतच नाही. बाकीचे चॅनेल बंद करा. अनेक चार चॅनेली स्कोपांत १ गिगासॅम्पलचा दर एकच चॅनेल चालू असताना मिळतो, चारही चालू केले की तो २५० मेगासॅम्पलवर येतो. मग दोन नमुन्यांमध्ये ४ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं आणि साडेचार नॅनोसेकंदांच्या एजवर जेमतेम एखादा नमुना बसतो. पुढे रेषा दिसते ती स्कोपने जुळवलेली असते. एजवर निदान चार-पाच नमुने हवेत. सर्वात संवेदनशील एक-दोन मिलिव्होल्टच्या रेंजही टाळा, कारण बऱ्याच स्कोपांत तिथे बँडविड्थ कमी होते.

समजा थेट जोडणीत ३.४ नॅनोसेकंद आले आणि पल्सरची एज १ नॅनोसेकंदाची आहे. वजाबाकी वर्गांची करायची:

```
t_scope  = √(3.4² − 1.0²) = 3.25 ns
BW_scope = 0.35 / 3.25 ns ≈ 108 MHz
```

१०० चा स्कोप १०८ देतोय, ठीक आहे. आता टर्मिनेटर केबलला तसाच ठेवून स्कोपवरून काढा, प्रोब त्याच चॅनेलला जोडा, आणि टर्मिनेटरच्या मधल्या तारेवर प्रोबचं टोक आणि बाहेरच्या कड्यावर प्रोबची ग्राउंड स्प्रिंग लावा. समजा आता ४.१ नॅनोसेकंद आले:

```
t_system  = √(4.1² − 1.0²) = 3.98 ns
BW_system = 0.35 / 3.98 ns ≈ 88 MHz
t_probe   = √(4.1² − 3.4²) = 2.29 ns  →  ≈ 153 MHz
```

स्कोप आणि प्रोब दोघंही आपापल्या छापील आकड्याला जागले, आणि तरी संच १०० मेगाहर्ट्झचा राहिला नाही. यापुढे कामाचा आकडा एकच: ३.९८ नॅनोसेकंद.

### ग्राउंड स्प्रिंगच का? क्रोकोडाइल क्लिपची तार आहेच की.

त्या तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. १५ सेंटिमीटरची तार म्हणजे १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या १२ पिकोफॅरड इनपुटबरोबर ती सुमारे ११९ मेगाहर्ट्झला वाजते, म्हणजे बरोबर आपल्या मापनाच्या उंबरठ्यावर. एजनंतर साधारण साडेआठ नॅनोसेकंदांच्या अंतराने लाटा दिसतात, ओव्हरशूटमुळे ९० ची रेषा लवकर ओलांडली जाते आणि आकडा बिघडतो. १० नॅनोहेन्रीच्या आखूड स्प्रिंगबरोबर तोच अनुनाद ४५० मेगाहर्ट्झच्या पुढे जातो, जिथे हा संच काही दाखवतच नाही.

दिसणारी लाट खरी की तारेची, हे ओळखायला तार हाताने मुठीत धरा किंवा तिची दिशा बदला. लाटेचा आकार बदलला तर ती तारेची. तपासणी स्प्रिंगने आणि मोजमाप लांब तारेने केलं तर वर काढलेला ३.९८ चा आकडा त्या मोजमापाला लागू होत नाही.

### आता सिग्नल मोजला आणि ६.० नॅनोसेकंद आले. खरा राइज टाइम किती?

```
t_signal = √(6.0² − 3.98²) ≈ 4.5 ns
```

वाचनात ०.२ नॅनोसेकंदांची अनिश्चितता धरली, म्हणजे ५.८ ते ६.२, तर उत्तर ४.२ ते ४.८ मध्ये फिरतं. ते वापरण्याजोगं आहे.

पण वाचन ४.४ आलं असतं तर? सूत्र १.९ देतं, आणि तेवढीच ०.२ ची अनिश्चितता त्याला १.३५ पासून २.३ पर्यंत फेकते. जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी अशीच वागते. अशा वेळी १.९ लिहू नका, "सुमारे २.५ नॅनोसेकंदांपेक्षा जलद, या संचाच्या आवाक्याबाहेर" असं लिहा. वाचन संचाच्या राइज टाइमच्या दीडपट असेल तिथपर्यंतच वजाबाकीवर भरवसा ठेवावा. सिग्नल संचाच्या तिप्पट हळू असेल तर वजाबाकी न करताही चूक साडेपाच टक्क्यांच्या आत राहते, पाचपट असेल तर दोन टक्के.

एक इशारा: राइज टाइमच्या पातळ्या टक्क्यांऐवजी थेट व्होल्टमध्ये दिल्या असतील, समजा ०.३३ आणि २.९७, तर कॉम्पेन्सेशनची चूक इथे पुन्हा शिरते. १२ टक्के अंडरकॉम्पेन्सेटेड प्रोबवर १ मेगाहर्ट्झचा समान चढ-उताराचा ३.३ व्होल्ट सिग्नल ०.२ ते ३.१ एवढाच हलताना दिसतो, आणि त्या पातळ्या १० आणि ९० च्या जागी साडेचार आणि साडेपंचाण्णव टक्क्यांवर पडतात. नेहमीच्या गोलसर एजसाठी राइज टाइम जवळपास एक तृतीयांशाने फुगतो.

### ०.३५ हा आकडा नेहमी चालतो का?

एकाच पोलच्या किंवा घंटेसारख्या हळू उतरणाऱ्या प्रतिसादाला चालतो. १०० मेगाहर्ट्झच्या साध्या स्कोपांना तो बसतो. १ गिगाहर्ट्झच्या पुढचे बरेच स्कोप सपाट प्रतिसाद ठेवून मग एकदम उतरतात, तिथे ०.४ ते ०.४५ धरावा लागतो आणि वर्गांची वजाबाकीही नेमकी राहत नाही. थेट जोडणीत एजच्या आधी किंवा नंतर स्पष्ट लहरी दिसल्या तर प्रतिसाद तसला आहे असं समजा. बँडविड्थचा आकडाच हवा असेल तर समपातळी साइन जनरेटर वापरा: ५० किलोहर्ट्झला सहा डिव्हिजन उंची ठेवा, फ्रिक्वेन्सी वाढवत न्या, उंची ४.२४ डिव्हिजन झाली की ती ३ डेसिबलची जागा. राइज टाइमसाठी मात्र एजने मोजलेला संचाचा आकडाच जास्त उपयोगी, कारण त्यात ०.३५ ची गरजच पडत नाही.

### पल्सरवर सगळं बरोबर, पण सर्किटवर एज फारच हळू दिसते. का?

तिथला सोर्स रोध बघा. पल्सर आणि टर्मिनेटर मिळून प्रोबला २५ ओहम दिसतात. १२ पिकोफॅरडबरोबर त्याचा राइज टाइम २.२ आरसीने ०.६६ नॅनोसेकंद, जो संचाच्या आकड्यात आधीच धरला गेला आहे. सर्किटमध्ये तोच प्रोब १ किलोओहमच्या नोडवर ठेवला तर एकट्या प्रोबमुळे २६ नॅनोसेकंद होतात. हा सर्किटवर पडलेला खरा भार आहे, वजाबाकीने तो नीट निघत नाही.

पडताळा सोपा आहे. पहिला प्रोब जागेवर ठेवून त्याच नोडवर दुसरा तसलाच प्रोब टेकवा. पहिल्यावरचा राइज टाइम लक्षणीय वाढला तर पहिल्या प्रोबनेही तेवढंच नुकसान केलेलं आहे. कमी रोधाच्या नोडवर ५० ओहम केबलच्या टोकाशी ४५० ओहमचा छोटा रेझिस्टर जोडून ती ५० ओहम इनपुटला लावली की साधारण १ पिकोफॅरडच्या आसपासच्या भाराचा १०एक्स प्रोब मिळतो. त्याचा डीसी भार ५०० ओहमचा असतो, म्हणून तो लॉजिक गेटच्या आउटपुटला चालतो, १ किलोओहमच्या नोडला नाही.

### हे सगळं पुन्हा कधी करायचं?

कॉम्पेन्सेशन दर वेळी प्रोब दुसऱ्या चॅनेलला किंवा दुसऱ्या स्कोपला लावल्यावर, आणि खोलीचं तापमान बरंच बदललं असेल तेव्हा. संचाचा राइज टाइम प्रोब बदलला, त्याचं टोक किंवा ग्राउंडची जोडणी बदलली, किंवा प्रोब खाली पडला की पुन्हा मोजा. काही प्रोबांच्या बीएनसीकडच्या डबीत आणखी दोन-तीन ट्रिमर असतात. ते उच्च फ्रिक्वेन्सीचे आहेत, १ किलोहर्ट्झवर त्यांचा परिणाम दिसत नाही, त्यामुळे जलद पल्सर समोर नसताना त्यांना हात लावू नका.